फाटक उघडलं, तिजोरी मात्र वेगळी: क्रॉसप्लेमागचा हिशोब

१२ जून २०१८. लॉस एंजेलिसमध्ये व्हिडिओ गेमचं ई-थ्री हे मोठं प्रदर्शन भरलं होतं आणि निन्टेन्डोने जाहीर केलं की फोर्टनाइट आजपासून स्विचवर खेळता येईल. जगभरातल्या मुलांनी त्याच दिवशी गेम उतरवून घेतला आणि आपलं नेहमीचं एपिक खातं टाकून आत शिरायचा प्रयत्न केला. त्यातल्या लाखोंनी तोवर फोर्टनाइट सोनीच्या प्लेस्टेशन-४ वर खेळलेला होता. त्यांच्या स्विचच्या पडद्यावर एक सूचना आली. तिचा मथितार्थ असा, की हे खातं ज्या प्लॅटफॉर्मशी जोडलेलं आहे, तो प्लॅटफॉर्म त्याला स्विचवर चालू देत नाही.

प्लेस्टेशनची जोडणी तोडून पाहिली तरी उपयोग नव्हता. एकदा ते खातं सोनीच्या यंत्राला लागलं की लागलं. स्विचवर खेळायचं तर नवीन खातं काढायचं आणि शून्यापासून सुरुवात करायची. पैसे मोजून घेतलेले स्किन, महिनोन्‌महिने खेळून चढवलेली पातळी, सगळं जुन्या खात्यात. तेच एपिक खातं एक्सबॉक्सला जोडलेलं असतं, तर स्विचवर बिनतक्रार उघडलं असतं.

या प्रसंगात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या होत्या. वेगवेगळ्या यंत्रांवरच्या खेळाडूंनी एकाच सामन्यात खेळणं म्हणजे क्रॉसप्ले. एकाच खेळाडूची कमाई, म्हणजे पातळी, पात्रं, विकत घेतलेल्या वस्तू, त्याच्यासोबत एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जाणं म्हणजे क्रॉस-प्रोग्रेशन. दोन्ही एकमेकांवर अवलंबून नाहीत. एखाद्या गेममध्ये पहिली असते आणि दुसरी नसते, कधी याच्या उलट. बहुतेकांना वाटतं की हे बंद असेल तर तांत्रिक अडचण असणार. काही वेळा ती असतेही. पण फोर्टनाइटचं प्रकरण नीट उलगडलं की दिसतं, मुख्य प्रश्न तंत्राचा नव्हताच. खेळ कुठे होतो आणि पैसा कुठे भरला जातो, या दोन जागा वेगळ्या झाल्या तर तोटा कोणी सोसायचा, हा प्रश्न होता.

आधी हे चालतं कसं ते पाहू. तुम्ही प्लेस्टेशनवर फोर्टनाइट सुरू करता, तेव्हा सामना काही सोनीच्या संगणकावर होत नाही. तो एपिक गेम्स या कंपनीच्या सर्व्हरवर होतो. सोनीचं काम इतकंच, की हा माणूस आमचा अमुक नंबरचा ग्राहक आहे, अशी सहीशिक्क्याची डिजिटल चिठ्ठी एपिकला द्यायची. एपिकचा सर्व्हर ती चिठ्ठी तपासतो आणि आपल्या नोंदीत पाहतो की हा सोनीचा ग्राहक आपल्याकडच्या कोणत्या एपिक खात्याशी जोडलेला आहे. एक्सबॉक्स आणि स्विचही अशीच चिठ्ठी देतात. ओळख एकदा पटली, की सर्व्हरच्या दृष्टीने सगळे सारखेच: एक खातं, एक जागा, हातात एक शस्त्र. कोणी कुठे धाव घेतली, कोणाची गोळी कोणाला लागली, याचा निवाडा सर्व्हर करतो आणि प्रत्येक यंत्राला कळवतो. ते दृश्य पडद्यावर रेखाटायचं काम तेवढं यंत्राचं.

मग कोणाची गाठ कोणाशी घालायची, हे ठरवतो मॅचमेकिंग हा भाग. तो खेळाडूंचे गट पाडतो. कोणत्या प्रदेशातून खेळतोय, हात किती तयार आहे, माउस आहे की कंट्रोलर, आणि दुसऱ्या प्लॅटफॉर्मवाल्यांशी खेळायची मुभा आहे का, हे पाहून. ही शेवटची गोष्ट म्हणजे नोंदीतला एक होकार किंवा नकार. बस, तेवढंच.

हे माझं अनुमान नाही, त्याचं प्रात्यक्षिक जगाने पाहिलं आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये काही तासांसाठी प्लेस्टेशन-४ आणि एक्सबॉक्स वन यांवरचे फोर्टनाइट खेळाडू एकाच सामन्यात दिसू लागले. एकाच्या यादीत अशी नावं आली, जी त्याच्या प्लॅटफॉर्मवर असूच शकत नव्हती. लोकांनी ते पकडलं, बोभाटा झाला, आणि एपिकने सांगितलं की सेटिंगमध्ये चूक झाली होती, ती आता दुरुस्त केली आहे. म्हणजे नवं काही बांधावं लागलं नव्हतं. एक सेटिंग चुकून उघडी राहिली आणि भिंत नाहीशी झाली.

ही भिंत सोनीला हवी तरी कशासाठी होती? २०१८ च्या मध्यापर्यंत प्लेस्टेशन-४ ची विक्री आठ कोटींच्या घरात पोचली होती, आणि एक्सबॉक्स वन त्याच्या बराच मागे होता. कन्सोल घेताना घरातला मुलगा किंवा मुलगी पहिली चौकशी करते ती मित्रांकडे कोणता कन्सोल आहे याची. ज्याच्याकडे जास्त लोक, त्याच्याकडे आणखी लोक येतात. क्रॉसप्ले आला की हे कारण गळून पडतं, कारण मित्र प्लेस्टेशनवर असला तरी तुम्ही एक्सबॉक्स घेऊ शकता. बाजारात पुढे असणाऱ्याचं त्यात नुकसान आणि मागे असणाऱ्याचा फायदा. म्हणूनच जून २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो, एरवीचे प्रतिस्पर्धी, माइनक्राफ्टच्या एकाच जाहिरातीत हातात हात घालून दिसले. पण यात मायक्रोसॉफ्टला उदार ठरवायचं कारण नाही. काही वर्षांपूर्वी, एक्सबॉक्स ३६० जोरात असताना, आपल्या नेटवर्कची दारं तीच कंपनी लावून बसली होती. फायनल फँटसी १४ चे निर्माते नाओकी योशिदा यांनी त्या काळी स्पष्ट सांगितलं होतं, की मायक्रोसॉफ्टच्या बंदिस्त धोरणामुळे आमचा गेम एक्सबॉक्सवर येऊ शकत नाही. तो तिथे आला थेट २०२४ मध्ये. पुढे असतो तो दार लावतो, मागे पडतो तो उघडायला सांगतो. कंपनीचं नाव बदललं तरी हा क्रम बदलत नाही.

फोर्टनाइटच्या बाबतीत पडद्यामागे काय चाललं होतं, हे मे २०२१ मध्ये बाहेर आलं. एपिकने ॲपलवर भरलेला खटला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या न्यायालयात उभा राहिला आणि कंपन्यांमधला पत्रव्यवहार पुरावा म्हणून जाहीर झाला. त्यात एपिकचे अधिकारी ज्यो क्राइनर यांनी २०१८ मध्ये सोनीला लिहिलेला ईमेल होता. ई-थ्रीमध्ये आपण ही घोषणा मिळून करू, तिथल्या आमच्या कार्यक्रमात प्लेस्टेशनला मान देऊ, प्लेस्टेशन प्लसच्या सभासदांसाठी खास पात्र काढू, अशी आमिषं त्यात होती. सोनीच्या जिओ कॉर्सी यांच्या उत्तराचा आशय असा होता: गेम कितीही मोठा असला तरी हा निर्णय सोपा नाही, ही कल्पना घेऊन अनेक कंपन्या येतात, पण त्यामुळे प्लेस्टेशनच्या धंद्याचं भलं कसं होईल, हे एकीलाही सांगता आलेलं नाही. खेळाडूंच्या सुरक्षिततेची, अनुभवाच्या दर्जाची कारणं सोनी तोवर जाहीरपणे देत आली होती. या पत्रात धंद्याचं कारण उघडपणे लिहिलेलं होतं.

तरीही खेळाडूंचा दबाव वाढत गेला आणि २६ सप्टेंबर २०१८ रोजी सोनीने फोर्टनाइटसाठी चाचणीच्या नावाखाली दार उघडलं. पुढच्या वर्षी एपिकने दोन खाती एकत्र करण्याची सोय काही महिने ठेवली, म्हणून जूनमध्ये अडकलेल्यांना आपला माल एका जागी आणता आला. बातम्या इथेच थांबल्या. पण सोनीने दार फुकट उघडलं नव्हतं. खटल्यात २०१९ च्या ऑगस्टमधलं सोनीचं धोरणपत्रही समोर आलं आणि त्यातला एक नियम नीट समजून घेण्यासारखा आहे.

फोर्टनाइट खेळायला पैसे लागत नाहीत. कमाई होते ती गेममधल्या खरेदीवर. प्लेस्टेशनच्या दुकानातून झालेल्या खरेदीतला साधारण ३० टक्के वाटा सोनी घेते. आता समजा, एक मुलगी रोज संध्याकाळी प्लेस्टेशनवर खेळते, पण खेळातलं चलन ती फोनवर विकत घेते. क्रॉस-प्रोग्रेशन असल्यामुळे घेतलेली वस्तू प्लेस्टेशनवर दिसतेच. खेळ सोनीच्या यंत्रावर झाला, वाटा मात्र दुसऱ्याच कंपनीच्या दुकानाला मिळाला. सोनीचा नियम यावर बेतलेला होता. गेमच्या एकूण उत्पन्नातला प्लेस्टेशनचा वाटा घ्यायचा, त्याला एकूण खेळण्यातल्या प्लेस्टेशनच्या वाट्याने भागायचं. उत्तर ०.८५ पेक्षा कमी आलं, तर गेमच्या कंपनीने फरकाची भरपाई म्हणून सोनीला रॉयल्टी द्यायची.

आकडे घालून पाहू. एका गेमचं ६० टक्के खेळणं प्लेस्टेशनवर होतं आणि ५४ टक्के उत्पन्न तिथून येतं असं धरा. ५४ भागिले ६० म्हणजे ०.९०. सोनी काही मागत नाही. आता खेळणं तेवढंच, ६० टक्के, पण लोक खरेदी दुसरीकडे करू लागले आणि प्लेस्टेशनचं उत्पन्न ४५ टक्क्यांवर आलं. ४५ भागिले ६० म्हणजे ०.७५. इथे रॉयल्टी लागू होते. एपिकचे प्रमुख टिम स्वीनी यांनी साक्षीत सांगितलं, की अशी भरपाई मागणारी सोनी ही एकटीच कंपनी होती आणि एपिकने ती मान्य केली, कारण दुसरा मार्ग नव्हता. त्याच धोरणात आणखी दोन अटी होत्या. खेळातलं चलन प्लेस्टेशनमधून बाहेर किंवा बाहेरून प्लेस्टेशनमध्ये नेता येणार नाही. आणि दुसऱ्या प्लॅटफॉर्मशी येणारा सगळा संबंध बंद करण्याचं बटण खेळाडूला द्यावंच लागेल.

एवढं समजलं, की पुष्कळ गेममधले विचित्र वाटणारे नियम आपोआप उलगडतात. मोबाइल कंपनी बदलताना आपला नंबर सोबत येतो, जुन्या सिमवरचा शिल्लक बॅलन्स येत नाही. क्रॉस-प्रोग्रेशन बरंचसं तसंच असतं. फोर्टनाइटमध्ये निन्टेन्डो स्विचवर विकत घेतलेले व्ही-बक्स, म्हणजे तिथलं चलन, वर्षानुवर्षं स्विचवरच अडकून राहत. पण त्याच व्ही-बक्समधून स्विचवर एखादं स्किन घेतलं, तर ते मात्र सगळीकडे दिसे. चलन म्हणजे अजून खर्च न झालेला पैसा, आणि तो ज्या दुकानात भरला त्याच दुकानात खर्च व्हावा, असा दुकानदाराचा आग्रह. खर्च झाला, हिशोब मिटला, की वस्तू कुठेही जाऊ द्या.

तिसरा प्रकार परवान्याचा. डेस्टिनी-२ या गेमने ऑगस्ट २०१९ मध्ये क्रॉस-सेव्ह आणलं. त्यात आधी सगळी खाती बंजी या निर्मात्या कंपनीच्या खात्याला जोडायची आणि कोणत्या प्लॅटफॉर्मवरची पात्रं पुढे चालवायची, ते निवडायचं. निवडलेली पात्रं सगळीकडे दिसतात. बाकीच्या खात्यांतली पात्रं पुसली जात नाहीत, पण मिसळलीही जात नाहीत. बाजूला पडून राहतात. ही जोडणी एकदा तोडली, की पुन्हा जोडायला ९० दिवस थांबावं लागे. म्हणजे निवड चुकली तर तीन महिन्यांची अद्दल. पण खरी मेख पुढे आहे. पैसे देऊन घेतलेले नवे अध्याय प्रत्येक दुकानाचे वेगळे. प्लेस्टेशनवर विकत घेतलेला अध्याय संगणकावर उघडत नाही, तिथे पुन्हा विकत घ्यावा लागतो. पात्र तुमचं, त्याच्या अंगावरचं चिलखत तुमचं, ते ज्या मोहिमेत मिळवलं ती मोहीम मात्र या यंत्रावर बंद. खेळाडू याला बिघाड समजून तक्रारी करतात. तो बिघाड नाही. प्रगती निर्मात्याच्या वहीत लिहिलेली असते आणि परवाना दुकानदाराच्या वहीत.

याच कारणाने क्रॉस-प्रोग्रेशन हे क्रॉसप्लेपेक्षा अवघड काम आहे. एपेक्स लेजंड्समध्ये वेगवेगळ्या यंत्रांवरचे खेळाडू ऑक्टोबर २०२० पासून एकत्र खेळू लागले, पण त्यांची खाती एकत्र व्हायला २०२३ चं अखेर उजाडलं. सामना संपला की संपला. त्यासाठी जुना हिशोब काढावा लागत नाही. खाती मिसळायची म्हणजे एकाच माणसाच्या दोन-तीन जुन्या वह्या घेऊन बसायचं: एकीत पातळी जास्त, दुसरीत स्किन जास्त, तिसरीत खर्च न झालेली नाणी. कोणती पातळी खरी धरायची, दोनदा घेतलेल्या वस्तूचं काय, कोणत्या दुकानाची नाणी कुठे ठेवायची, हे एकेक ठरवावं लागतं. त्यात चूक झाली, तर माणसाने पैसे देऊन घेतलेली वस्तू नाहीशी होते. म्हणून ज्या गेमने पहिल्या दिवसापासून आपलं स्वतःचं खातं सक्तीचं केलं, तिथे हे काम सोपं जातं. ज्याने सुरुवातीला प्रत्येक यंत्राच्या खात्यावरच भागवलं, त्याला पुढे ते महागात पडतं.

महाराष्ट्रातल्या पुष्कळ मुलांनी या प्रकाराचा अनुभव घेतला आहे, जरी कन्सोल त्यांच्या घरी नसला तरी. सप्टेंबर २०२० मध्ये भारतात पबजी मोबाइलवर बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय हा त्याचा भारतीय अवतार आला. जुन्या खात्यातला माल नव्यात आणण्याची सोय ठरावीक मुदतीपुरती होती. ज्याने जुना गेम फेसबुक, ट्विटर अशा एखाद्या खात्यातून उघडला होता आणि त्या खात्याचा पासवर्ड ज्याच्या लक्षात होता, त्याचं सामान आलं. ज्याने नुसतं पाहुणा म्हणून खेळायचं बटण दाबलं होतं, त्याची ओळख कोणत्याच वहीत नव्हती. त्याच्यासाठी आणण्यासारखं काही उरलंच नाही.

आता खऱ्या तांत्रिक आणि न्याय्य अडचणींकडे येऊ, कारण सगळंच धंद्याच्या नावे लिहिणं चूक ठरेल. माइनक्राफ्टच्या दोन आवृत्त्या आहेत, जावा आणि बेडरॉक. नाव एक, जग दिसायला एक, पण आतला कोड वेगवेगळ्या भाषांत स्वतंत्रपणे लिहिलेला. दोघांचे सर्व्हर एकमेकांची भाषा बोलत नाहीत, म्हणून जावावाला बेडरॉकवाल्याच्या जगात थेट जाऊ शकत नाही. इथे कोणी अडवलेलं नाही. तसंच आवृत्तीचं. एका यंत्रावर गेमची नवी दुरुस्ती पोचली आणि दुसऱ्यावर ती कन्सोल कंपनीच्या तपासणीत अडकली, तर दोघांचे नियम वेगळे होतात आणि दोघं एका सामन्यात बसू शकत नाहीत.

सर्वांत रास्त अडचण आहे हाताची. नेमबाजीच्या गेममध्ये माउसने नेम धरणं कंट्रोलरच्या काडीपेक्षा जलद आणि अचूक असतं. ती कसर भरून काढायला कंट्रोलरवाल्याला नेमाची मदत दिली जाते, म्हणजे निशाणी शत्रूजवळ आली की तिचा वेग थोडा मंदावतो. ही मदत कमी पडते की जास्त होते, यावर खेळाडूंचं आजवर एकमत झालेलं नाही. शिवाय संगणकावर बाहेरचं सॉफ्टवेअर चालवता येतं, त्यामुळे नेम आपोआप धरणाऱ्या लबाडीची भीती तिथे जास्त. पबजी मोबाइलने म्हणूनच संगणकावर एम्युलेटरमधून खेळणाऱ्यांचा गट वेगळा केला, आणि चौघांच्या संघात एक जरी एम्युलेटरवाला असला, तरी संपूर्ण संघ त्याच गटात टाकला. एपेक्समध्येही संघात एक संगणकवाला आला, की त्याचे कन्सोलवरचे मित्र संगणकवाल्यांच्या सामन्यात जातात. ही बंधनं खेळाडूच्या बाजूची आहेत.

कारण कोणतं आहे, हे बाहेरून ओळखता येतं. बंधन सामन्यापुरतं असेल, म्हणजे वेगळे गट, बंद करण्याचं बटण, माउस आणि कंट्रोलर यांची विभागणी, तर ते बहुधा खेळ बरोबरीचा व्हावा म्हणून असतं. बंधन पाकिटावर, परवान्यावर किंवा खातं उघडण्यावर असेल, तर मुळाशी दुकान असतं. जून २०१८ मधलं बंधन दुसऱ्या जातीचं होतं: त्या मुलांना एकत्र खेळायचंही नव्हतं, आपलंच खातं दुसऱ्या यंत्रावर एकट्याने उघडायचं होतं.

म्हणून गेममध्ये पहिला रुपया घालण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात आणि मुलांच्या हाती कार्ड देणाऱ्या पालकांनी तर पाहाव्यातच. निर्मात्या कंपनीचं स्वतःचं खातं आहे का, असेल तर ते पहिल्याच दिवशी काढून आपल्या ईमेलला जोडावं. दोन यंत्रांवर वेगवेगळं खेळून झालं असेल, तर जोडणीचं बटण दाबण्याआधी मुख्य खातं कोणतं राहणार आणि निवड बदलता येते का, हे वाचावं. आणि चलन जास्तीचं घेऊन ठेवू नये. हवी ती वस्तू घेण्यापुरतंच घ्यावं, कारण वस्तू सोबत येण्याची शक्यता बरीच असते, शिल्लक चलन येण्याची कमी.

पण ही काळजी एकट्या ग्राहकाने का वाहावी? चलन कुठे चालेल, परवाना कुठे उघडेल, खातं कुठे जाईल, ही तीन उत्तरं प्रत्येक कंपनीकडे तयार असतात, कारण ती तिने दुकानांशी केलेल्या करारांत लिहिलेली असतात. मदतीच्या पानांच्या तळाशी ती शोधत बसायला लावण्याऐवजी खरेदीच्या बटणाशेजारी, किमतीइतक्याच ठळक अक्षरांत ती छापली पाहिजेत. कंपन्यांनी आपसांत कोणाला किती द्यायचं हे ०.८५ पर्यंत मोजून ठरवलं. मग ज्याच्या पैशावर हा हिशोब चालतो, त्याला आपण नेमकं काय विकत घेतोय हे आधी कळलंच पाहिजे.